सात फॅक्टर आले म्हणून सातही ठेवायचे का?

प्रश्न : सर, मी लातूरला समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय. लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या खेड्यांमधल्या ३१२ स्त्रियांकडून पाणीटंचाईच्या ताणावरची २४ विधानांची प्रश्नावली भरून घेतली, पाच पर्यायांची (पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत). एसपीएसएसमध्ये फॅक्टर ॲनालिसिस केलं तर सात फॅक्टर आले, व्हेरिमॅक्स लावलं होतं, एकूण व्हेरियन्स ६५ टक्के. पहिल्या तिघांना नावं देता येतात, चौथ्यापासून काहीच सुचत नाही, सातव्यात तर एकच विधान आहे. गाईड म्हणतात आयगेन व्हॅल्यू एकच्या वर आहे ना, मग सातही ठेवा. नक्की किती ठेवू? फाइल सोबत पाठवली आहे.

उत्तर : तीन ठेवा. फाइल चालवून पाहिली. नुसत्या आकड्यांवर गेलो तेव्हा मीही चौथ्याशी अडखळलो होतो, आणि त्या चौथ्याचीच गोष्ट तुमच्या डेटात सगळ्यात सांगण्यासारखी आहे. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी गाईडच्या नियमाबद्दल. आयगेन व्हॅल्यू म्हणजे एका फॅक्टरच्या वाट्याला आलेला व्हेरियन्स, विधानांच्या मापात मोजलेला. प्रत्येक विधानाचा व्हेरियन्स एक धरला जातो, त्यामुळे तुमच्या २४ विधानांच्या सगळ्या आयगेन व्हॅल्यूंची बेरीज बरोबर २४ येते. जो फॅक्टर एका विधानाइतकंही वजन पेलत नाही तो कशाला ठेवायचा, हा त्या नियमामागचा विचार. गटमननं १९५४ मध्ये याचं गणित मांडलं आणि कायझरनं १९६० मध्ये तो नियम रूढ केला. पण ते गणित सगळ्या लोकसंख्येच्या सहसंबंधांबद्दलचं आहे. आपल्या हातात असतात ३१२ जणी. नमुना म्हटला की योगायोगानं काही विधानं एकमेकांशी थोडीफार जुळतातच, आणि तो योगायोग सगळा वरच्या आयगेन व्हॅल्यूंमध्ये गोळा होतो.

किती गोळा होतो ते करूनच पाहा. ३१२ ओळी आणि २४ रकाने घेऊन त्यांत संगणकाकडून निव्वळ यादृच्छिक आकडे भरून घ्या, ज्यांचा कशाशी काही संबंध नाही. त्या कचऱ्यातही दहा-अकरा आयगेन व्हॅल्यू एकच्या वर येतात. बेरीज २४ आहे, म्हणजे सरासरी एक. मग साधारण निम्म्या एकच्या वर जाणारच. तुमच्याकडे सातच आल्या, कारण पहिल्या तिघांनी बराच व्हेरियन्स ओढून घेतला आणि बाकीच्यांना कमी उरला.

म्हणून विचारायचं ते एवढंच की तुमची प्रत्येक आयगेन व्हॅल्यू त्याच आकाराच्या कचऱ्यातल्या त्याच क्रमांकाच्या आयगेन व्हॅल्यूपेक्षा मोठी आहे का. यालाच पॅरलल ॲनालिसिस म्हणतात, हॉर्ननं १९६५ मध्ये सुचवलेलं. कचऱ्याच्या फाइली हजार वेळा बनवायच्या, प्रत्येक क्रमांकावर ९५ टक्के वेळा जो आकडा ओलांडला जात नाही तो उंबरा धरायचा, आणि तुमचे आकडे त्याच्याशेजारी मांडायचे. आर मध्ये `psych` पॅकेज असेल तर एवढंच पुरतं:

```r
library(psych)
fa.parallel(d24, fa = "pc", n.iter = 1000, quant = 0.95)
vss(d24, n = 8)
```

आर नको असेल तर जामोव्ही उतरवून घ्या. फुकट आहे, एसपीएसएसची `.sav` फाइल उघडतं, आणि त्यातल्या फॅक्टर ॲनालिसिसमध्ये पॅरलल ॲनालिसिसचा पर्याय आधीपासूनच निवडलेला असतो.

तुमचे पहिले सात आकडे ६.४२, २.७१, १.८४, १.४१, १.१९, १.०८ आणि १.०२. कचऱ्याचे उंबरे १.६३, १.५३, १.४५, १.३८, १.३३, १.२७ आणि १.२२. पहिले तीन आरामात वर आहेत. पाचवा, सहावा, सातवा खाली, त्यांच्याबद्दल वाद नको. चौथा मात्र १.४१ विरुद्ध १.३८. मी सीड बदलून पुन्हा चालवलं, नेहमीच्या वीस फेऱ्यांवर चालवलं. उत्तर कधी तीन, कधी चार. असा काठावरचा आकडा आला की फेऱ्या वाढवायच्या, त्या वाढवूनही जेमतेम पार होत असेल तर तिथं आकड्यांचं काम संपलं आणि विधानं वाचायचं सुरू झालं असं मी धरतो.

वरच्या दुसऱ्या ओळीतलं `vss` आणखी एक मत देतं, वेलिसरचं मॅप. त्यात एकेक घटक बाजूला काढत जायचं आणि विधानांमध्ये उरलेल्या आंशिक सहसंबंधांचा वर्ग सरासरीनं किती राहतो ते बघायचं. जिथं ही सरासरी सगळ्यात कमी होते तिथं थांबायचं. तुमच्या डेटावर ते तीनवर थांबलं. स्क्री आलेखात चौथ्यानंतर वळण आहे की तिसऱ्यानंतर, यावर चार लोक चार मतं देतील, म्हणून त्याच्यावर मी निकाल सोपवत नाही.

आता तो चौथा फॅक्टर. त्यात तीन विधानं बसली आहेत: “पाण्याची मला फारशी काळजी वाटत नाही”, “पाणी भरण्यात माझा फार वेळ जात नाही” आणि “पाण्यावरून आमच्या वस्तीत कधी वाद होत नाहीत”. एक काळजीचं, एक कष्टाचं, एक भांडणाचं. विषय तीन, मग ही एकत्र का आली? तिन्ही नकारार्थी आहेत, एवढंच त्यांच्यात साम्य. तुम्हाला नाव सुचत नव्हतं ते याचमुळे.

उलटं गुणांकन तुम्ही केलेलं आहे, ते मी तपासलं. ते केल्यावर काळजीचं नकारार्थी विधान “पाण्याच्या विचारानं झोप उडते” या विधानाशी चांगलं जुळायला हवं होतं. सहसंबंध आला ०.१२. आणि विषयानं लांब असलेली ही तीन विधानं आपापसांत ०.४६ ते ०.५२. विधान आपल्या विषयाच्या विधानांपेक्षा आपल्यासारख्या वाक्यरचनेच्या विधानांशी जास्त जुळत असेल, तर तो फॅक्टर विचारण्याच्या पद्धतीतून आलेला आहे. पॅरलल ॲनालिसिस एवढंच सांगतं की इथं योगायोगापेक्षा जास्त काहीतरी आहे. ते काहीतरी ताण आहे की वाक्याचं व्याकरण, हे त्याला कळत नाही.

कागदावर भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतही हे होतं, पण तुम्ही तोंडी विचारून भरल्या आहेत, त्यामुळे आपल्या भाषेनं त्यात आणखी भर घातली. प्रगणक मुलगी वाचते, “पाण्याची मला फारशी काळजी वाटत नाही. सहमत की असहमत?” समोरची बाई म्हणते, “न्हाई.” आता याचा अर्थ काय लावायचा? “न्हाई, वाटत न्हाई” म्हणजे सहमत. “न्हाई ओ माय, लई काळजी हाय” म्हणजे असहमत. बाईनं पुढचं वाक्य बोललं तर ठीक, नुसतं “न्हाई” म्हणून थांबली तर खूण कुठं करायची हे प्रगणकावर. मराठीत नकारार्थी वाक्याला नकारानं दिलेलं उत्तर दोन्हीकडे झुकतं, आणि असहमत हा शब्द तर बोलण्यात कुणी वापरतच नाही.

हा माझा तर्क होता, तो पडताळता आला कारण तुमच्या फाइलमध्ये प्रगणकाचा रकाना आहे. (तो ठेवलात हे फार बरं केलंत, बहुतेक फाइलींत नसतो.) वर सांगितलेला ०.१२ चा सहसंबंध चारही प्रगणकांसाठी वेगवेगळा काढला. क्रमांक एकच्या फॉर्ममध्ये तो ०.५५ आहे, जसा असायला हवा तसा. क्रमांक तीनच्या फॉर्ममध्ये उणे ०.२१. म्हणजे एकीनं “न्हाई”चा अर्थ एक धरला, दुसरीनं दुसरा, आणि दोन्ही मिसळून संबंध नाहीसा झाला. त्या मुलींचा यात दोष नाही. त्यांना तशी सूचनाच दिलेली नव्हती.

ही तीन विधानं काढून टाका. एका प्रगणकाचेच फॉर्म दुरुस्त करायचा मोह होईल, तो करू नका, कारण कुठली खूण चुकली हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

उरलेले तीन फॅक्टर उंबऱ्याच्या खाली असले तरी ते कसे बनले ते बघून घ्या, कारण त्यांतली विधानं तुमच्या मोजपट्टीत तशीच राहिली तर पुढंही त्रास देतील. पाचव्यात बोअरची दोन विधानं आहेत, “बोअर आटेल अशी भीती वाटते” आणि “बोअरला पाणी राहणार नाही याची काळजी लागून असते”. हा एकच प्रश्न दोनदा विचारलेला आहे, सहसंबंध ०.८१. अशी जोडगोळी नेहमी स्वतःचं वेगळं घर करते. एक ठेवा, एक काढा.

सहावा फॅक्टर जरा फसवा आहे. त्यात जनावरांची दोन विधानं आहेत, चारा-पाण्याची ओढाताण आणि जनावर विकावं लागेल ही भीती. अर्थाच्या दृष्टीनं ती एकत्र येणं पटतं, त्यामुळे “पशुधनाची चिंता” असं नाव देऊन तुम्ही पुढं गेला असता. पण वारंवारिता बघा. ज्या घरांत जनावर नाही अशा ९७ जणींपैकी जवळपास सगळ्यांचं उत्तर दोन्ही विधानांना “तटस्थ” आहे. दुसरं काय सांगणार त्या? जनावर असणाऱ्यांची उत्तरं वरच्या टोकाला. म्हणजे हा फॅक्टर दावणीला जनावर आहे की नाही एवढंच मोजतोय, आणि ते तुम्ही पहिल्या पानावर सरळ विचारलेलंच आहे. ही दोन विधानं मोजपट्टीतून बाहेर काढा आणि जनावर असलेल्या घरांपुरती वेगळी मांडा. “लागू नाही” हा पर्याय नसला की तटस्थचा रकाना असा धर्मशाळा होतो.

सातव्यातलं एकटं विधान “सरकार पाण्याच्या प्रश्नाकडे पुरेसं लक्ष देत नाही”. ३१२ पैकी २८१ जणी पूर्ण सहमत. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या लातूरनं पाहिलं, तिथं दुसरं काय येणार? उत्तर महत्त्वाचं आहे, प्रबंधात टक्केवारीनं जरूर द्या. पण सगळे एकच उत्तर देत असतील तर ते विधान माणसामाणसांतला फरक दाखवत नाही, आणि फॅक्टर ॲनालिसिस चालतं ते फक्त फरकांवर.

तीन, एक, दोन आणि एक मिळून सात विधानं गेली, सतरा उरली. पुन्हा चालवल्यावर पहिल्या चार आयगेन व्हॅल्यू ५.३१, २.३२, १.६२ आणि १.०४ आल्या, आणि नवे उंबरे १.५२, १.४२, १.३४ आणि १.२७. उंबरे बदलले कारण विधानांची संख्या बदलली; २४ विधानांचे जुने उंबरे इथं वापरायचे नाहीत. आता तीन अगदी स्वच्छ आहेत. एकच्या वरचा नियम लावला असता तर अजूनही चार आले असते.

संख्या ठरली की मग गट पाडायचे. इथं तुमच्या पहिल्या फेरीतल्या दोन गोष्टी बदला. एक म्हणजे एसपीएसएस आपणहून प्रिन्सिपल कंपोनंट्स करतं. त्यात विधानाचा सगळा व्हेरियन्स, चुकीसकट, फॅक्टरमध्ये वाटला जातो आणि लोडिंग फुगतात. प्रश्नावलीमागचा अदृश्य ताण शोधायचा असेल तर फक्त सामायिक व्हेरियन्स धरणारी पद्धत हवी, Extraction मध्ये Principal axis factoring निवडा. दुसरं रोटेशन. व्हेरिमॅक्स फॅक्टरांना एकमेकांशी काटकोनात उभं करतं, म्हणजे काळजीचा आणि कष्टाचा काही संबंध नाही असं आधीच ठरवून टाकतं. दोन घागरी घेऊन दीड किलोमीटर जाणाऱ्या बाईच्या काळजीचा तिच्या कष्टाशी संबंध नाही, हे मानायला मी तयार नाही. Direct Oblimin घ्या. संबंध नसेलच तर ते शून्याजवळ दाखवेल, नुकसान काही नाही.

```
FACTOR /VARIABLES v01 TO v17
  /CRITERIA FACTORS(3) ITERATE(100)
  /EXTRACTION PAF
  /ROTATION OBLIMIN.
```

विधानांची नावं तुमच्या फाइलप्रमाणे बदला. आता दोन तक्ते येतील, Pattern Matrix आणि Structure Matrix. गट ठरवताना पहिला वाचा. दुसऱ्यात फॅक्टरांचा आपसातला संबंधही मिसळलेला असतो, त्यामुळे प्रत्येक विधान सगळीकडे थोडं थोडं चिकटलेलं दिसतं आणि विद्यार्थी घाबरतात.

तुमच्या डेटात पहिल्या गटात झोप, बोअर, उद्याच्या पाण्याचा विचार अशी आठ विधानं आली, लोडिंग ०.५१ ते ०.७८. दुसऱ्यात टँकर आला की हातातलं काम टाकून पळणं, डोक्यावरचं ओझं, वेळ अशी पाच. तिसऱ्यात नंबरावरून भांडण, शेजारणीशी अबोला, सासरच्यांचं बोलणं अशी चार. काळजी आणि कष्ट यांचा सहसंबंध ०.४८, काळजी आणि भांडण यांचा ०.३७. व्हेरिमॅक्सनं हे दोन्ही शून्य धरले होते.

एक विधान मात्र दोन्हीकडे पाय ठेवून आहे: “पाणी आणायला गेल्यामुळे मुलांकडे दुर्लक्ष होतं आणि त्याची काळजी वाटते”. कष्टावर ०.४१, काळजीवर ०.३८. वाक्य पुन्हा वाचलंत तर कारण सापडेल, “आणि”च्या अलीकडे एक गोष्ट आहे, पलीकडे दुसरी. असं दुहेरी लोडिंग दिसलं की आधी वाक्यात “आणि” शोधायची माझी सवय आहे, बऱ्याचदा सापडतं. हे काढा. कष्टाची चार राहतील, एकूण सोळा. एका फॅक्टरला चार विधानं ठीक आहेत. तीनच्या खाली गेलं असतं तर मी तो फॅक्टर ठेवला नसता.

लोडिंगवरून विधानं काढताना एका वेळी एकच काढा आणि दर वेळी पुन्हा चालवा. एकाच फटक्यात ०.४० च्या खालची सगळी उडवली तर जी पुढच्या फेरीत सुधारली असती तीही जातात.

गाईड ६५ टक्क्यांवरून विचारतील, कारण आता तो आकडा ४७ च्या आसपास दिसेल. त्यातली काही घट पद्धत बदलल्यामुळे आहे, कारण मोजमापातल्या चुकीचा व्हेरियन्स आता हिशेबात नाही. बाकीची चार फॅक्टर कमी झाल्यामुळे. फॅक्टर वाढवत नेले तर टक्केवारी वाढणारच, चोवीस ठेवले तर शंभर टक्के. केएमओ ०.८६ आहे, ते चांगलंच आहे, पण किती फॅक्टर ठेवायचे याबद्दल ते काही सांगत नाही.

पाच पर्यायांची उत्तरं खरं तर सलग आकडे नसतात, म्हणून पॉलिकोरिक सहसंबंध घेऊनही एकदा पाहिलं. लोडिंग थोडी वर गेली, गट तेच राहिले. तुमच्या उरलेल्या सोळा विधानांत टोकाला झुकलेलं फारसं काही नाही, त्यामुळे साधे सहसंबंध चालतील. तळटीपेत एक वाक्य टाका.

प्रबंधात काढलेल्या आठही विधानांची यादी कारणासकट द्या. तोंडी परीक्षेत “एकच्या वरचा नियम का नाही पाळला” असं विचारतीलच, तेव्हा तो २४ उंबऱ्यांचा तक्ता समोर ठेवा. भाषण करण्यापेक्षा ते सोपं पडतं.

आणि याच ३१२ जणींवर कन्फर्मेटरी फॅक्टर ॲनालिसिस करून “सिद्ध झालं” असं लिहू नका. ज्या डेटावरून गट पाडले त्यावरच ते तपासले तर जुळणारच. त्यासाठी दोन-अडीचशे नव्या बायकांकडे जावं लागेल, ही सोळा विधानं घेऊन. नकारार्थी तिन्ही पुन्हा हवीच असतील तर सरळ करून घ्या, आणि पर्याय “सहमत-असहमत” न ठेवता “कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, रोजच” असे ठेवा, म्हणजे “न्हाई”चा घोळ मिटेल. पर्याय बदलले की मोजपट्टीही थोडी बदलते, म्हणून आधी तीस-चाळीस जणींवर चालवून वारंवारिता बघा. जायचं ते एप्रिल-मेमध्येच, पहिला डेटाही तेव्हाचाच आहे. श्रावणात विहिरी भरल्यावर टँकरच्या विधानांना सगळ्या “कधीच नाही” म्हणतील आणि कष्टाचा फॅक्टर कुठं गेला म्हणून तुम्ही पुन्हा मला विचाराल.